एकाच फाइलमध्ये तीन बेरजा

गावच्या दूध संस्थेचा सचिव दहा दिवसांच्या बिलाची एक्सेल फाइल अपलोड करतो आणि खाली लिहितो, ‘सर, पिव्होट टेबलमधली रक्कम आणि आमच्या रजिस्टरची रक्कम वेगळी का येते?’ असं विचारणाऱ्याला बहुतेकदा ‘रिफ्रेश करून बघा’ एवढंच उत्तर मिळतं. ती पायरी पहिली आहे, हे खरं. पिव्होट टेबल मूळ नोंदींची एक प्रत स्वतःजवळ ठेवतं. नोंद बदलली तरी Refresh दाबेपर्यंत ते सहसा जुन्याच प्रतीवरून बेरीज दाखवतं. पण रिफ्रेश करूनही फरक राहिला, तर गणित तपासावं लागतं. त्यातलं सर्वांत फसवं प्रकरण पाहू.

समजा, फाइलमध्ये दोनच सभासद आहेत. पहिल्याच्या तीन नोंदी आहेत: 10 लिटर 32 रुपयांनी, 12 लिटर 33 रुपयांनी आणि 8 लिटर 35 रुपयांनी. फॅट बदललं की दर बदलतो, म्हणून तीन दर. त्याचे खरे पैसे 320, 396 आणि 280, म्हणजे 996 रुपये. दुसऱ्या सभासदाची एकच नोंद आहे, 9 लिटर 34 रुपयांनी, म्हणजे 306 रुपये. संस्थेने द्यायचे एकूण 1302 रुपये.

सचिवाने मूळ शीटमध्ये रकमेचा कॉलम केलेला नाही. त्याने पिव्होटमध्येच Calculated Field घेऊन ‘लिटर गुणिले दर’ असं सूत्र दिलं आहे. वाचायला हे सूत्र बरोबर वाटतं. पण हे फील्ड एकेक नोंद गुणून मग बेरीज करत नाही. आधी लिटरची बेरीज, आधी दरांची बेरीज, आणि मग दोन बेरजांचा गुणाकार, असा त्याचा क्रम आहे. त्यामुळे पहिल्या सभासदासमोर 30 गुणिले 100, म्हणजे 3000 रुपये येतात. दुसऱ्यासमोर 306 येतात आणि ते बरोबर असतात, कारण त्याची नोंदच एक आहे. काही ओळी अशा जुळतात, म्हणून सूत्रावर संशय जात नाही.

तळाची Grand Total याहून वेगळी. ती वरच्या 3000 आणि 306 यांची बेरीज नसतेच. तिथेही तोच क्रम लागतो: एकूण 39 लिटर गुणिले दरांची बेरीज 134, म्हणजे 5226. आता सचिवापुढे तीन आकडे आहेत. रजिस्टर सांगतं 1302, पिव्होटच्या ओळी हाताने मिळवल्या तर 3306 आणि पिव्होटची स्वतःची बेरीज 5226. तो गोंधळला तर नवल नाही.

उत्तर देताना एकच सभासद घ्यावा आणि त्याच्या तीन नोंदी कागदावर सोडवून दाखवाव्यात. 30 गुणिले 100 हे सचिवाने स्वतः पाहिलं की पुढचं समजावावं लागत नाही. उपायही साधा आहे. मूळ शीटमध्ये लिटर B आणि दर C कॉलममध्ये असेल, तर शेजारी ‘रक्कम’ असा कॉलम करून प्रत्येक ओळीत हे सूत्र द्यायचं:

```
=B2*C2
```

मग Change Data Source मधून पिव्होटची रेंज या कॉलमपर्यंत वाढवायची, रिफ्रेश करायचं आणि जुन्या फील्डऐवजी रकमेची बेरीज घ्यायची. आता पहिल्या सभासदासमोर 996 आणि तळाशी 1302 येतात.

मात्र Calculated Field काढूनच टाका, असा सल्ला मी देणार नाही. सरासरी दर काढायला त्याचाच क्रम योग्य आहे. एकूण रक्कम भागिले एकूण लिटर केलं, की 1302 भागिले 39, म्हणजे सुमारे 33.38 रुपये हा संस्थेचा खरा सरासरी दर येतो. पहिल्या सभासदाचा 33.20 आणि दुसऱ्याचा 34 यांची सरासरी 33.60 होते. इथेही तळाचा आकडा वरच्या ओळींशी जुळत नाही, पण इथे तळाचाच आकडा बरोबर आहे, कारण जास्त दूध घालणाऱ्याचं वजन त्यात धरलेलं आहे. न जुळणं म्हणजे चूकच, असं धरून कुणी 33.60 हा दर अहवालात घालू नये.

एवढं करून फरक उरलाच, तर लिटरच्या एकूण बेरजेवर डबल-क्लिक करावं. त्या बेरजेत धरलेल्या सगळ्या नोंदी नव्या शीटवर उघडतात. त्यांची संख्या मूळ शीटशी ताडली, की रेंजबाहेर राहिलेल्या किंवा फिल्टरमध्ये गळलेल्या ओळी सापडतात.

म्हणून अशी फाइल पाठवणाऱ्यांना विनंती आहे, की पिव्होटचा नुसता फोटो पाठवू नका. मूळ नोंदींची शीट सोबत ठेवा, आणि कोणता आकडा कशाशी ताडून पाहिलात तेही लिहा.