तेलाचा चटका आणि 20 मिनिटांचे पाणी

वाणगावची मिरची भज्यांसाठी आणली, तर चिरून, कोरडी पुसूनच कढईत सोडावी. ओली, अखंड मिरची तापल्या तेलात फुटते आणि तेल हातावर उडते.

समजा, कोपराखाली रुपयाएवढे भाजले. बांगड्या लगेच काढाव्यात, सुजेनंतर निघत नाहीत. मग नळाचे किंवा तांब्याने हंड्यातले गार पाणी सलग 20 मिनिटे सोडावे. आग लवकर शमते, पण खालची कातडी तापलेलीच असते, म्हणून घाई नको. उशिरा कळले, तरी 3 तासांच्या आत हे करावे. बर्फाने कातडी आणखी दुखावते. हळद, शाई, टूथपेस्ट हे तर आम्हांस मुळीच पसंत नाही. लेपाखाली जखम किती खोल, ते डॉक्टरांना दिसत नाही.

फोड आला तर टोचू नये, ती सालच जखमेचे झाकण. स्वच्छ सुती फडके सैल बांधावे. आपसूक फुटला, तर साबण-पाण्याने हलके धुऊन झाकावा.

तळहाताहून मोठे भाजले, किंवा तोंड, पंजा, सांधा भाजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लहान मुलाचे तर थोडेही दाखवावे. पू किंवा ताप आला, तरी तेच. कातडी पांढरी पडून दुखतच नसेल, तर घरचे 'बरे आहे' म्हणतात. खरे तर तेव्हाच भाजणे खोल असते.