कोड कोणाच्या पडद्यावरचा?

संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडले की क्यूआर कोड दिसतो. त्यात वापरकर्त्याची माहिती नसते. असते ती त्या ब्राउझरची ओळख. फोनने कोड स्कॅन केला की त्या ब्राउझरला खाते उघडून देण्याची परवानगी जाते. म्हणजे कोड ज्याच्या ब्राउझरमध्ये तयार झाला, खाते त्याच्याकडे उघडते. भामटे नेमके हेच साधतात: आपल्या ब्राउझरमधला कोड बक्षिसाच्या किंवा मतदानाच्या बनावट पानावर चिकटवतात. कोड थोड्या वेळाने बदलतो खरा, पण ते पानही त्याबरोबर बदलत राहते.

मंजुरीची सूचना बहुधा पासवर्ड बरोबर पडल्यावरच फोनवर येते. कोणी लॉगिन करत नसताना ती आली, तर पासवर्ड फुटल्याची शंका घ्यावी. 2022 मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर अशा सूचनांचा मारा झाला. अखेर त्याने एक मंजूर केली. आता अनेक ठिकाणी लॉगिनच्या पडद्यावरचा आकडा फोनवर निवडावा लागतो. तो आकडा फोन करून कोणी सांगत असेल, तर तो भामटाच. अशा वेळी ‘नाही’ दाबावे आणि पासवर्ड बदलावा. चुकून कोड स्कॅन झालाच असेल, तर व्हॉट्सॲपच्या ‘Linked devices’ यादीतले अनोळखी उपकरण लगेच लॉग आउट करावे.