एकच माहिती दोनदा का लिहावी?

१९७० साली एडगर कॉड यांनी डेटाबेसची जी मांडणी सुचवली, तिच्यातून पुढे एक नियम रूढ झाला: प्रत्येक गोष्ट एकाच जागी नोंदवा. ग्राहकाचे शहर ग्राहकांच्या तक्त्यात, विक्री बिलांच्या तक्त्यात. शहर बदलले की एकच ओळ दुरुस्त करायची. रोजच्या व्यवहारासाठी हे उत्तमच.

अहवालात मात्र हाच नियम फसवू शकतो. समजा, साताऱ्याच्या ग्राहकाने मार्चमध्ये ८,००० रुपयांची खरेदी केली आणि जूनमध्ये तो पुण्याला राहायला गेला. पत्ता बदलताच मार्चची ती विक्रीही पुण्याच्या नावावर जाते आणि साताऱ्याचा जुना आकडा घटतो. म्हणून अहवालाच्या तक्त्यात विक्रीच्या ओळीतच त्या दिवशीचे शहर लिहून ठेवावे. शिवाय लाखो ओळींची बेरीज करताना दर वेळी तक्ते जोडावे लागत नाहीत, त्यामुळे अहवालही लवकर निघतो.

मात्र मूळ बिल रद्द झाले आणि प्रत तशीच राहिली, तर आकडे जुळत नाहीत. त्यासाठी हा तक्ता हाताने बदलू नये. रोज रात्री नव्या आणि रद्द बिलांवरून प्रोग्रामनेच तो भरावा, मग दोन्हीकडची महिन्याची बेरीज ताडून पाहावी. आणि ग्राहकाला पत्र पाठवायचे असेल, तर शहर ग्राहकांच्या मूळ तक्त्यातूनच घ्यावे.