पत्र्याची भोकं बुजवताना

कोकणात पडवीवर किंवा गोठ्यावर चढणारा पत्रा बरेचदा दुसऱ्यांदा वापरलेला असतो. आधीच्या शेडमधून उतरवून आणलेल्या अशा पत्र्याला जुन्या जे-बोल्टांची भोकं आयतीच मिळतात. नव्या छपराच्या अँगलशी ती जुळत नाहीत, म्हणून बोल्टांसाठी नवी भोकं पाडली जातात आणि जुनी तशीच उघडी राहतात. पावसाळ्याच्या तोंडावर कुणीतरी त्यांत मळून लावायची कडक पुट्टी भरतो. पहिला महिनाभर ती टिकते, पण दिवाळीनंतरच्या उन्हात तिच्या कडेने बारीक फट पडते आणि पुढच्या जूनमध्ये पाणी पुन्हा तिथूनच आत येतं.

याचं कारण उन्हात आहे. तीन मीटर लांबीचा लोखंडी पत्रा पहाटेच्या गारव्यातून दुपारच्या तापापर्यंत चाळीस अंशांनी तापला, तर सुमारे दीड मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. हे रोज चालतं. पुट्टी कडक असते आणि पत्र्याबरोबर हलत नाही, म्हणून ती सुटते. भोक नुसतं भरून भागत नाही. त्यावर पत्र्याबरोबर हलणारं काहीतरी बसवावं लागतं.

आधी भोकं शोधायची. पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने उताराकडे वाहत जातं आणि अँगल आडवा आला की तिथे ठिबकतं. त्यामुळे ठिबकण्याच्या जागी भोक असेलच असं नाही, बहुधा ते वरच्या बाजूला असतं. भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत अंधार केला की भोकं उजेडाच्या ठिपक्यांसारखी दिसतात. प्रत्येकातून खालून बारीक तारेचा तुकडा वर काढून ठेवला, की छपरावर गेल्यावर शोधाशोध करावी लागत नाही. थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला सगळीकडे थेंब दिसत असतील तर ते दव असतं, ती गळती नव्हे.

आपल्या पडवीतलं बोल्टाचं जुनं भोक साधारण दहा मिलिमीटरचं आहे असं धरू. ते सहसा पत्र्याच्या उंचवट्यावर असतं. भोवतालचा गंज तारेच्या ब्रशने काढायचा, फडक्याने थिनर पुसायचा आणि भोकाभोवती सीलंटचं कडं घालायचं. त्यावर डांबरी वायसर, त्याच्यावर पत्र्याच्या गोलाईवर बसणारा लोखंडी वायसर ठेवून आठ मिलिमीटरचा आखूड बोल्ट घालायचा. खालून दुसऱ्याने नट आवळायचा. वायसर जरासा दबला की थांबावं, जास्त आवळल्यास तो फाटतो आणि पत्राही दबून खड्डा पडतो.

सीलंट घेताना डबी वाचून घ्यावी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताचा थर खातं. पत्र्यासाठी न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट घ्यावं.

गंजाच्या भोकाची गोष्ट वेगळी आहे. दिसतं ते भोक वाटाण्याएवढं असतं, पण भोवतीचा पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबत बाहेरच्या दिशेने जावं. टोक जिथे आत जायचं थांबतं, तिथे चांगला पत्रा सुरू होतो. ठिगळ त्या सीमेच्याही पाच सेंटिमीटर पुढे गेलं पाहिजे. ते त्याच जातीच्या पत्र्याच्या तुकड्यातून, त्याच पन्हळीचं कापावं आणि कोपरे गोल करावेत. जागा घासून, जस्ताचा प्रायमर लावून वाळू द्यावी. मग ठिगळाच्या खालच्या बाजूला कडेने सीलंटची सलग रेघ ओढावी, ठिगळ दाबून बसवावं आणि कडेने रिव्हेट माराव्यात. बाहेर निथळलेलं सीलंट बोटाने सपाट करावं. काम जमत असेल तर ठिगळाची वरची कड वरच्या पत्र्याच्या जोडाखाली सरकवावी, म्हणजे वरून येणारं पाणी तिला धडकतच नाही.

हे काम एप्रिल-मे महिन्यात, सकाळी पत्रा तापण्याआधी करावं. तापलेल्या पत्र्यावर सीलंटला फुगे येतात. पाय बोल्टांच्या रांगेवरच टाकावा, कारण तिथे खाली अँगल असतो. त्याशिवाय फळी आडवी टाकूनच वावरावं. ही सगळी रीत लोखंडी पत्र्याची आहे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर घासकाम करू नये, कारण त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तो पाय ठेवताच तुटतोही.

सीलंट वाळायला डबीवर दिलेला वेळ द्यावा. मग पाइपने पाणी सोडून बघावं, सुरुवात खालच्या कडेपासून करून एकेक टप्पा वर जात, आणि आत कुणीतरी बसलेलं असावं. वरून सुरुवात केली तर खालची सगळी जागा एकदम ओली होते आणि कुठून गळतं ते कळत नाही. पाणी जोडाच्या रेषेतून येत असेल आणि तिथे स्क्रूड्रायव्हर जागोजागी आत जात असेल, तर ठिगळांवर पैसा घालवू नये. तो पत्राच बदलावा.