तीन मिलिमीटरचं एक वर्ष

शाळेच्या भिंतीवर लावलेल्या कालरेषांत एक गंमत नेहमी दिसते. एक आडवी रेघ, तिच्यावर सारख्या अंतरावर टिंबं आणि टिंबांखाली सनावळ्या : १६७४, १६८०, १६८९, १७०७, १७६१, १८१८. १६८० ते १६८९ ही नऊ वर्षं आणि १७०७ ते १७६१ ही चोपन्न वर्षं, दोन्हींना जागा मात्र तेवढीच. याला घटनांची क्रमवार यादी म्हणता येईल. कालरेषा म्हणायची, तर अंतरावरून काळ मोजता यायला हवा.

मराठ्यांच्या इतिहासाचा तक्ता घरातल्या टेबलावर कसा उतरवता येईल ते पाहू. बाजारात मिळणारा मोठा कार्डशीट साधारण ७१ सेंटिमीटर लांब आणि ५६ सेंटिमीटर रुंद असतो. तो आडवा ठेवायचा. शिवाजी महाराजांच्या जन्मापासून, म्हणजे १६३०पासून, पेशवाईच्या अखेरीपर्यंत १८८ वर्षं होतात. शेवट जरा मोकळा राहावा म्हणून १८२० धरू, म्हणजे १९० वर्षं. आता दहा वर्षांना तीन सेंटिमीटर दिले की ५७ सेंटिमीटर लागतात. उरलेल्या चौदापैकी नऊ डावीकडे पट्ट्यांची नावं लिहायला आणि पाच उजवीकडे समासाला. हे प्रमाण निवडण्यामागे आणखी एक सोय आहे. एक वर्ष बरोबर तीन मिलिमीटरचं होतं आणि ३० सेंटिमीटरची नेहमीची फूटपट्टी बरोबर शंभर वर्षांची. पट्टीचं शून्य १६३०वर ठेवलं की तिचं दुसरं टोक १७३०वर येतं. पुढच्या शतकासाठी तीच पट्टी तिथून पुढे लावायची.

बहुतेक तक्ते खुणा करतानाच बिघडतात. मुलं एका खुणेपासून पुढची खूण मोजतात, त्या खुणेपासून त्याच्या पुढची. दरवेळी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी वीस खुणांनंतर सेंटिमीटरभर फरक पडू शकतो, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. म्हणून प्रत्येक मोजमाप १६३० किंवा १७३० या दोन मूळ खुणांपासूनच घ्यायचं. सनातून १६३० वजा करायचे आणि तीन मिलिमीटरने गुणायचं. १७६१साठी १३१ गुणिले ३, म्हणजे ३९३ मिलिमीटर. दर दहा वर्षांची उभी रेघ कार्डशीटभर पेन्सिलीने फिकट ओढून ठेवावी. शेवटी खोडायची नाही.

खरी परीक्षा लागते ती एकाच वेळी चाललेल्या कारकिर्दी दाखवताना. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८चा, मृत्यू डिसेंबर १७४९चा. त्या बेचाळीस वर्षांत बाळाजी विश्वनाथ, पहिले बाजीराव आणि नानासाहेब असे तीन पेशवे झाले. एकाच रेघेवर आधी छत्रपती आणि मग पेशवे असं लिहिलं, तर छत्रपती संपले आणि पेशवे सुरू झाले असं वाटतं. हा समज मोठ्या माणसांतही आढळतो आणि त्याला असे तक्ते थोडेफार जबाबदार असावेत, असा माझा संशय आहे. म्हणून एका रेघेऐवजी एकाखाली एक आडवे पट्टे घ्यायचे : पहिला साताऱ्याच्या गादीचा, शाहूंच्या आधीचे छत्रपतीही त्यातच, दुसरा कोल्हापूरचा, तिसरा पेशव्यांचा, चौथा दिल्लीच्या बादशहांचा. प्रत्येक पट्टा चार सेंटिमीटर उंच आणि मध्ये दोनदोन सेंटिमीटर मोकळे.

तक्ता नीट उतरला आहे का, हे पाहायला फूटपट्टी उभी धरून १७३१वर ठेवा. पट्टीखाली साताऱ्याला शाहू, कोल्हापूरला संभाजी, पुण्यात बाजीराव आणि दिल्लीत मुहम्मदशहा आले पाहिजेत. साताऱ्याने आणि कोल्हापूरने वारणेचा तह केला तो याच वर्षी. त्यामुळे त्या तहाची खूण एका पट्ट्यात न बसवता दोन्ही पट्ट्यांना जोडणारी उभी रेघ म्हणून काढावी.

ताराबाईंचं काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. १७०० ते १७०७ कारभार त्यांच्या हाती होता, म्हणून वरच्या पट्ट्यात एकवीस मिलिमीटरचा चौकोन काढला की पुष्कळांना काम झालं असं वाटतं. पण त्यांचा जन्म १६७५चा आणि मृत्यू डिसेंबर १७६१चा. इथे राज्य आणि आयुष्य वेगळं दाखवायला हवं. सत्तेचा काळ जाड पट्टीने आणि आयुष्य त्याच पट्ट्याच्या वरच्या कडेला बारीक रेघेने. ती बारीक रेघ ओढली की ती शिवराज्याभिषेकाच्या जवळून निघून पानिपतच्याही पुढे जाते. तक्त्यावरची ही सर्वात बोलकी रेघ आहे असं मला वाटतं.

शिवाजी महाराजांच्या बाबतीत उलटी अडचण येते. १६७४ ते १६८० एवढाच जाड भाग रंगवला तर तो जेमतेम अठरा मिलिमीटरचा होतो आणि राज्याभिषेकाआधी स्वराज्य नव्हतंच असं दिसतं. म्हणून त्याआधीचा भाग त्याच रंगाच्या फिक्या छटेने भरावा आणि त्याची डावी कड बंद न करता तुटक रेघांनी विरू द्यावी. जिथे सुरुवात एका तारखेला बांधता येत नाही, तिथे सरळ उभी कड काढणं खोटं ठरतं.

दाटी होते ती १६५९ ते १६६६मध्ये. अफझलखान, पन्हाळा, शायिस्तेखान, सुरत, पुरंदर, आग्रा. सहा घटना आणि जागा एकवीस मिलिमीटर. इथे मुलं हळूच तेवढाच भाग ताणतात आणि सगळं प्रमाण कोसळतं. मुख्य तक्त्यावर नुसत्या बारीक खुणा ठेवाव्यात आणि खालच्या मोकळ्या जागेत १६५९ ते १६७५चा वेगळा पट्टा काढावा, वर्षाला दोन सेंटिमीटर या प्रमाणाने. तो ३२ सेंटिमीटरचा होतो. त्याचं प्रमाण वेगळं आहे हे त्याच्याच शेजारी लिहायला विसरू नये. या पट्ट्यावर महिनेही दाखवता येतात : नोव्हेंबर १६५९ पहिल्या घराच्या शेवटाकडे जातो, सुरतेची पहिली लूट १६६४च्या अगदी डाव्या कडेला येते. ऑगस्ट १६६६मधली आग्र्याहून सुटका आणि फेब्रुवारी १६७०मधला सिंहगड यांच्यात सात सेंटिमीटर जागा रिकामी राहते. ती भरायला चित्र चिकटवू नये. त्या सुमारास मोगलांशी काही काळ तह होता आणि ती शांतता रिकाम्या जागेतच दिसते.

उलट टोकाला नारायणराव. नोव्हेंबर १७७२ ते ऑगस्ट १७७३, म्हणजे तीन मिलिमीटरसुद्धा पुरते नाहीत. नाव आत मावणारच नाही. ते पट्ट्याबाहेर लिहून बारीक रेघेने जोडायचं, पण चौकोन मोठा करायचा नाही.

उजव्या कडेला पोचल्यावर हात आपोआप सगळे पट्टे एकाच ठिकाणी बंद करायला जातो. १८१८च्या जूनमध्ये, साडेछप्पन सेंटिमीटरवर, फक्त पेशव्यांचा पट्टा संपतो. साताऱ्याला तेव्हा प्रतापसिंह महाराज गादीवर होते आणि १८३९पर्यंत राहिले. कोल्हापूरची गादीही चालूच होती. दिल्लीलाही बादशहा होताच, भले नावापुरता का होईना. या तिन्ही पट्ट्यांच्या टोकाला बाण काढावेत.