दोन रेषांमधले चार तास

पहिलटकरणीच्या कळा किती वेळ चालल्या तर ठीक आणि कधी काळजी करायची, हे लेबर रूमबाहेर बसलेल्या आईला किंवा सासूला सांगता येत नाही. आतल्या सिस्टरलाही ते नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. दर तपासणीला ‘थोडं पुढे सरकलंय’ हे खरं असू शकतं, आणि तरीही बाई हळूहळू अडत चाललेली असू शकते. हे वेळेत दिसावं म्हणून प्रत्येक बाळंतपणासाठी एक कागद भरायचा असतो. त्याला पार्टोग्राफ म्हणतात. त्यावर आधीपासूनच दोन तिरप्या रेषा छापलेल्या असतात. डावीकडची अलर्ट लाइन, उजवीकडची अ‍ॅक्शन लाइन, आणि दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर.

हे चार तास कुठून आले, हे समजलं की कागद कसा वाचायचा तेही समजतं. ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ साली या रेषा मांडल्या. तिथे दूरच्या दवाखान्यांत बाळंतपणं सुईणी करत, आणि सिझेरियनची सोय शहरातल्या मोठ्या रुग्णालयात होती. बाईला तिकडे कधी हलवायचं, हा त्या सुईणींपुढचा रोजचा प्रश्न होता. पहिलटकरणींपैकी सर्वांत हळू पुढे जाणाऱ्या दहा टक्के बायकांचा सरासरी वेग पाहिला, तर गर्भाशयाचं तोंड तासाला साधारण एक सेंटिमीटर उघडत होतं. तीच अलर्ट लाइन ठरली. ती ओलांडणारी बाई आजारी आहे असं नाही, पण ती मागे पडायला लागली आहे. पुढचे चार तास मुख्यतः रस्त्यासाठी ठेवलेले आहेत. गाडी बोलवायची, बाईला हलवायचं आणि अ‍ॅक्शन लाइन येण्याआधी तिला ऑपरेशन थिएटर असलेल्या जागी पोहोचवायचं.

महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आजही नेमका हाच प्रश्न असतो. एएनएम आणि स्टाफ नर्स यांच्यासाठी केंद्र सरकारने दिलेला सोपा पार्टोग्राफ याच विचारावर उभा आहे. अलर्ट लाइन ओलांडली की बाईला संदर्भ रुग्णालयाकडे पाठवा, आणि अ‍ॅक्शन लाइनपर्यंत ती तिथे पोहोचलेली असू द्या.

एक बाळंतपण कागदावर कसं उतरतं ते पाहू. समजा, सविता नावाची पहिलटकरीण पहाटे पाचला आरोग्य केंद्रात आली. उपजिल्हा रुग्णालय घाट उतरून दीड तासावर आहे. तपासल्यावर तोंड तीन सेंटिमीटर उघडलेलं, दहा मिनिटांत दोन कळा, त्याही वीस सेकंदांच्या आतल्या. अजून पार्टोग्राफ सुरू करायचा नाही. बाळंतपणाचा हा सुरुवातीचा टप्पा लांबू शकतो, आणि तेव्हाच रेषेवर फुली मारली तर काही तासांतच अलर्ट लाइन ओलांडल्याचं दिसेल आणि धावपळ उगाच होईल. अशा वेळी तिच्या नोंदी साध्या केसपेपरवर ठेवायच्या, तिला चालू-फिरू द्यायचं, खाऊ-पिऊ द्यायचं.

सकाळी नऊला पुन्हा तपासणी झाली. आता तोंड चार सेंटिमीटर उघडलं आहे, दहा मिनिटांत तीन कळा येतात, आणि प्रत्येक कळ वीस ते चाळीस सेकंद टिकते. आता पार्टोग्राफ सुरू होतो. पहिली फुली चार सेंटिमीटरवर आणि बरोबर अलर्ट लाइनवर पडते. तिच्या खाली घड्याळातली खरी वेळ लिहायची, सकाळचे नऊ. ही वेळ चुकली तर पुढचं सगळं चुकतं. सविताची वाट आता ठरली: अलर्ट लाइनप्रमाणे दुपारी तीनला दहा सेंटिमीटर व्हायला हवेत, आणि अ‍ॅक्शन लाइन तिथे संध्याकाळी सातला पोहोचते.

यानंतर दर अर्ध्या तासाने सिस्टरचं काम असतं कानाचं आणि हाताचं. कळ ओसरल्यावर बाळाचे ठोके पूर्ण एक मिनिट ऐकायचे आणि आलेला आकडा ठिपक्याने मांडायचा. सरकारी पत्रकात १२० ते १६० हे ठोके ठीक मानले आहेत. पोटावर हात ठेवून सलग दहा मिनिटं कळा मोजायच्या. जितक्या कळा तितके चौकोन भरायचे, आणि चौकोन कसा भरला यावरून कळ किती टिकली ते कळतं. वीस सेकंदांच्या आत असेल तर ठिपके, वीस ते चाळीस असेल तर तिरप्या रेघा, त्याहून जास्त असेल तर चौकोन पूर्ण काळा. सगळं नीट चाललं असेल तर हे चौकोन डावीकडून उजवीकडे उंच आणि गडद होत जातात. बाईची नाडी याच वेळी पाहायची. रक्तदाब आणि आतली तपासणी मात्र दर चार तासांनी. काही कारण नसताना त्याहून जास्त वेळा आतून तपासलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि बाईला नाहक त्रास होतो.

साडेअकराला सविताची पाणमोट फुटली. पाणी स्वच्छ होतं, तशी नोंद झाली. त्याच मिनिटाला बाळाचे ठोके पुन्हा ऐकायचे असतात, कारण पाण्याबरोबर नाळ खाली सरकली तर ते ठोक्यांवरून लगेच कळतं. ठोके १४४ आले.

दुपारी एकला तोंड सहा सेंटिमीटर होतं. बाहेर आईने विचारलं, “सिस्टर, उघडतंय ना?” उघडतंय, हे खरंच होतं. पण कागदावर सहा सेंटिमीटरची फुली एक वाजण्याच्या रेघेवर मारली की ती अलर्ट लाइनच्या उजवीकडे पडते. नवी सिस्टर इथे हमखास गोंधळते, कारण फुली आणि रेषा यांच्यातलं अंतर ती उभं मोजते. ते आडवं मोजायचं असतं. अलर्ट लाइनवर सहा सेंटिमीटर अकरा वाजता यायला हवे होते, म्हणजे सविता दोन तास मागे आहे. अ‍ॅक्शन लाइन सहा सेंटिमीटरला तीन वाजता गाठते. हातात दोन तास उरले, आणि त्यातला दीड तास घाटाचा आहे.

चौकोनांकडे पाहिलं तर तेही तेच सांगतात. सकाळी तीन कळा होत्या, आताही तीनच आहेत, आणि चौकोन अजून तिरप्या रेघांचेच. कळांचा जोर वाढलेला नाही.

या क्षणी वैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवायचं आणि त्याच दमात १०८ ला फोन लावायचा. ‘अजून तासभर बघू’ म्हणण्याइतका वेळ या रस्त्यावर नाही. गाडी येईपर्यंत लघवी करवून घ्यायची, कारण भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवू शकतं. पाणी पाजायचं, ठोके ऐकत राहायचं. पुढच्या रुग्णालयाला फोनवर थोडकं पण नेमकं सांगायचं: पहिलटकरीण, नऊला चार, एकला सहा, अलर्ट लाइन ओलांडली, कळा दहा मिनिटांत तीन आणि वाढत नाहीत, पाणी साडेअकराला गेलं, स्वच्छ, ठोके १४८, रक्तदाब ठीक, निघतोय.

अशा वेळी एक मोह फार होतो, कळा वाढवायला ऑक्सिटोसिन लावण्याचा. आरोग्य केंद्रात तो टाळलाच पाहिजे. डोकं खरोखर अडलं असेल तर औषधाने वाढलेल्या कळा बाळाचा प्राणवायू तोडतात, आणि आधी बाळंतपणं झालेल्या किंवा सिझेरियन झालेल्या बाईचं गर्भाशय फाटू शकतं. तेच औषध थिएटर तयार असलेल्या ठिकाणी, जवळ बसून ठोके ऐकत दिलं, तर पुष्कळदा बाळंतपण नीट पार पडतं. म्हणून अलर्ट लाइन ओलांडली म्हणजे सिझेरियनच, असं नातेवाइकांनी समजू नये. त्यांना हे निघण्याआधी सांगायला हवं. नाहीतर ‘इथेच होईल, कशाला नेता’ या वादात अर्धा तास जातो.

रेषेला मर्यादाही आहेत. तासाला एक सेंटिमीटरपेक्षा हळू जाऊनही सुखरूप बाळंत होणाऱ्या बायका पुष्कळ असतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणाचा वेगवान टप्पा चारऐवजी पाच सेंटिमीटरपासून धरावा असं सांगितलं, आणि २०२० मध्ये तिरप्या रेषा नसलेलं नवं पत्रक दिलं. त्यात प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मुदत आहे, पाचला सहा तास, सहाला पाच तास, अशी. मोठ्या रुग्णालयात यामुळे घाईची सिझेरियन टळू शकतात, आणि ते मला पटतं. पण जिथून थिएटर दीड तास दूर आहे, तिथे कोणतंही पत्रक वापरलं तरी रस्त्याचा वेळ मुदतीतून आधी वजा केला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. फुल्या अलर्ट लाइनच्या डावीकडे व्यवस्थित चालल्या असतील, तरीही बाळ संकटात असू शकतं. ठोके १२० च्या खाली किंवा १६० च्या वर राहिले, पाणी हिरवट झालं किंवा त्यात रक्त दिसलं, बाईचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला, तर रेषेची वाट पाहायची नसते. बाईला कुशीवर वळवायचं, डॉक्टरांना बोलवायचं, हलवायची तयारी करायची.

हे सगळं तेव्हाच उपयोगी पडतं जेव्हा कागद त्या त्या वेळी भरला जातो. बाळंतपणानंतर एका बैठकीत भरलेला पार्टोग्राफ ओळखू येतो. शाई एकच, अक्षर न थकलेलं, ठोके सलग १४०, १४०, १४०, आणि फुल्या अलर्ट लाइनवर पट्टीने ओढल्यासारख्या. खऱ्या बाळाचे ठोके असे एका आकड्यावर थांबत नाहीत. एका सिस्टरकडे एका वेळी तीन-चार बायका असतील तर हे का घडतं ते समजण्यासारखं आहे, आणि त्याला उत्तर दुसरी सिस्टर नेमणं हेच आहे, पहिलीला झापणं नाही.

सविता तीनच्या आत उपजिल्हा रुग्णालयात पोहोचली, तर तिचा पार्टोग्राफ तिच्याबरोबर गेलेला असायला हवा. तिथे पुन्हा तपासणी होईल, आणि समजा तोंड अजून सहाच सेंटिमीटर असेल. त्या रुग्णालयाने कोरा कागद घेऊन सहाची फुली नव्याने अलर्ट लाइनवर मारली, तर सविता कागदावर एकदम ठणठणीत होते, सकाळपासूनचे सहा तास पुसले जातात, आणि तिला आणखी चार तास थांबवलं जातं. जुन्याच कागदावर तीन वाजण्याच्या रेघेवर तीच फुली मारली, तर ती थेट अ‍ॅक्शन लाइनवर पडते. मग त्या खोलीतल्या डॉक्टरांना तिथल्या तिथे ठरवावं लागतं: ठोके ऐकत ऑक्सिटोसिन लावायचं, की थिएटरला कळवायचं.