एआयच्या नोट्समधले ‘दहा वर्षांचे आरक्षण’ : उजळणीआधी पुस्तक उघडा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या अनेक मुलामुलींच्या मोबाईलमध्ये आज एआयने लिहिलेल्या नोट्स असतात. क्लासची फी परवडत नाही, अभ्यासिकेत पुस्तके मोजकी, आणि एका मिनिटात अख्ख्या प्रकरणाचे मुद्दे मराठीत तयार मिळतात. त्यामुळे या नोट्स वापरूच नका असे सांगण्यात अर्थ नाही. मात्र पाठ करण्याआधी त्या तपासायच्या कशा, हे ठरवून शिकले पाहिजे. त्यासाठी आपण राज्यघटनेतील आरक्षणाच्या तरतुदी हा विषय घेऊ. राज्यसेवेपासून तलाठी भरतीपर्यंत तो विचारला जातो, आणि त्यातली चूक फक्त गुण घालवत नाही.

नमुना म्हणून, अशा नोट्समध्ये दिसतात तशी चार वाक्ये आम्ही येथे एकत्र ठेवत आहोत.

1. कलम 17 नुसार जातिव्यवस्था नष्ट करण्यात आली आहे.
2. मूळ राज्यघटनेतच कलम 15(4) द्वारे शिक्षणात आरक्षणाची तरतूद होती.
3. राज्यघटनेने आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी दिले होते.
4. 126 व्या घटनादुरुस्तीने राखीव जागांची मुदत 2030 पर्यंत वाढवली.

भाषा स्वच्छ आहे, आकडे आहेत, कलमे आहेत. नुसते वाचून कुठेच अडखळायला होत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. हाताने घाईत लिहिलेल्या नोट्समध्ये जिथे शंका असते तिथे आपण प्रश्नचिन्ह टाकतो. यंत्राच्या नोट्समध्ये बरोबर आणि चूक वाक्य सारख्याच ठामपणे येते. हे यंत्र पुस्तक उघडून उत्तर शोधत असेलच असे नाही. भरपूर मजकूर वाचून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येतो याचा जो अंदाज त्याने बांधलेला असतो, त्यावर ते वाक्य जुळवते. म्हणून समाजात वारंवार बोलला जाणारा गैरसमजही त्यातून ‘माहिती’ होऊन बाहेर पडू शकतो.

वाक्य फोडा, मग पुस्तक उघडा

तपासताना पूर्ण परिच्छेद वाचून मान डोलवू नका. प्रत्येक वाक्यातील कलमाचा क्रमांक, वर्ष, घटनादुरुस्तीचा क्रमांक आणि ‘फक्त’, ‘सर्व’, ‘मूळ’ असे शब्द पेन्सिलने अधोरेखित करा. नंतर पुस्तकात तो मुद्दा शोधून नोट्सच्या समासात पान क्रमांक लिहा. ज्या वाक्यापुढे पान क्रमांक नाही, ते उजळणीत घ्यायचे नाही.

पहिल्या वाक्यात ‘जातिव्यवस्था’ हा शब्द अधोरेखित होईल. राज्यघटना उघडली तर कलम 17 मध्ये शब्द आहे ‘अस्पृश्यता’. जात नष्ट केल्याचे तिथे कुठेही म्हटलेले नाही. विधान चूक की बरोबर विचारणाऱ्या प्रश्नात हाच एक शब्द बदललेला असू शकतो.

दुसऱ्या वाक्यात ‘मूळ’ हा शब्द पकडा. नोकऱ्यांबाबतचे कलम 16(4) मूळ राज्यघटनेत होते. 15(4) मात्र नंतर आले. मद्रास राज्य विरुद्ध चंपकम दोराईराजन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशातील जातवार वाटप रद्द ठरवले, आणि त्यानंतर 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने 15(4) जोडले गेले. दोन्ही कलमे दिसायला जुळी असल्याने एकाची गोष्ट दुसऱ्याला चिकटते.

तिसरे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या कट्ट्यावर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये ते आपल्याला ऐकवले जाते. तपासायचे कलम आहे 334. सुरुवातीच्या दहा वर्षांची मर्यादा तिथे होती, पण ती कलम 330 व 332 खालील जागांसाठी, म्हणजे लोकसभा आणि विधानसभांतील राखीव जागांसाठी. शिक्षणाच्या 15(4) ला आणि नोकरीच्या 16(4) ला अशी मुदत नाही. नोट्समध्ये ‘राजकीय’ हा एक शब्द गळाला आणि अर्थ उलटा झाला. हे वाक्य तसेच पाठ करणारा आपलाच विद्यार्थी उद्या वादात समोरच्याच्या बाजूने साक्ष देईल.

पुस्तकही जुने असू शकते

चौथे वाक्य जरा वेगळे आहे. अभ्यासिकेतले पुस्तक 2019 च्या आधीचे असेल, तर त्यात राखीव जागांची मुदत 2020 पर्यंत लिहिलेली सापडेल. पुस्तक छापले तेव्हा ते बरोबर होते, कारण 95 व्या घटनादुरुस्तीने तेवढीच मुदत दिली होती. पुढे ती 2030 पर्यंत वाढली. म्हणजे वर्षाच्या बाबतीत नोट्स बरोबर आणि पुस्तक मागे पडलेले. पण नोट्समधला क्रमांक चूक आहे. संसदेत मांडलेले विधेयक 126 वे होते, ते मंजूर होऊन झालेली घटनादुरुस्ती 104 वी आहे. विधेयकाचा आणि कायद्याचा क्रमांक वेगळा असू शकतो, आणि बातम्यांमध्ये विधेयकाचाच क्रमांक जास्त गाजलेला असतो.

पुस्तक आणि नोट्स यांच्यात असा फरक पडला, तर आधी पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेले आवृत्तीचे वर्ष पाहा. नंतर राज्यघटनेची ताजी अधिकृत प्रत उघडा. केंद्र सरकारच्या विधी विभागाच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळते. तिथे कलमाखालच्या तळटिपेत कोणता शब्द कोणत्या घटनादुरुस्तीने बदलला हे दिलेले असते. तळटीप वाचायची सवय लागली की दुरुस्त्यांचे क्रमांक वेगळे पाठ करण्याचे ओझेही कमी होते.

फरक दिसला म्हणून त्याच ॲपला ‘हे नक्की बरोबर आहे का?’ असे विचारू नका. ते चुकीचे उत्तर पुन्हा ठामपणे देऊ शकते, किंवा तुमची शंका पाहून बरोबर उत्तरही बदलू शकते. दोन ॲपची उत्तरे जुळली, हाही पुरावा नव्हे.

आता उलट्या दिशेने वाचा

आतापर्यंत आपण नोट्समधले पुस्तकात शोधले. त्यातून चुकीचे सापडते, गाळलेले सापडत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी पुस्तक समोर ठेवा आणि त्यातला प्रत्येक मुद्दा नोट्समध्ये आहे का ते पाहा. कलम 17 चेच घ्या. पहिल्या वाक्यात ‘जातिव्यवस्था’ खोडून ‘अस्पृश्यता’ लिहिले, तरी ते अपुरेच राहते. अस्पृश्यतेतून निर्माण होणारी कोणतीही निःसमर्थता लादणे हा कायद्यानुसार शिक्षापात्र अपराध आहे, हा कलमाचा उरलेला भाग नोट्समध्ये नाहीच. 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा याच भागाशी जोडलेला आहे. तो गाळला तर कलम 17 ही फक्त एक घोषणा वाटते.

हे काम दोघांनी मिळून केले तर सोपे जाते. एकाने नोट्सचे वाक्य मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पुस्तकावर बोट ठेवून पान सांगायचे. आठवड्याने जागा बदलायच्या. तपासलेल्या पानावर तारीख आणि पुस्तकाची आवृत्ती लिहून ठेवा, म्हणजे तीच नोट्स पुढच्या वर्षीच्या मुलांकडे गेली तर ती कुठपर्यंतची आहे हे त्यांना कळेल. आणि तपासल्याची खूण नसलेले पान अभ्यासिकेच्या ग्रुपवर टाकू नका. एकाच्या वहीतली चूक एकाचेच गुण घालवते. ग्रुपवर टाकलेली चूक संपूर्ण बॅचच्या डोक्यात बसते.